ईटीएफचा बाजारभाव आणि एनएव्ही: खरा प्रीमियम कसा काढायचा

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, आणि एनएव्ही म्हणजे त्याच्या एका युनिटमागच्या मालमत्तेचं मूल्य. बाजारभाव त्या मूल्याच्या वर असेल तर प्रीमियम, खाली असेल तर डिस्काउंट. हा प्रीमियम कसा काढायचा याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका ओळीत मिळतं: बाजारभावातून एनएव्ही वजा करा, एनएव्हीने भागा, शंभरने गुणा. गणित बरोबर आहे. पण भाव कोणत्या वेळचा आणि एनएव्ही कोणत्या वेळची हे कोणी सांगत नाही, आणि सगळी चूक तिथेच होते. मी गेली काही वर्षं रोज दुपारी साडेतीननंतर या प्रीमियमचं गूगल शीट भरते. सुरुवातीचे कितीतरी महिने माझे आकडे साफ चुकीचे होते, तरी दिसायला अगदी व्यवस्थित होते. म्हणून सोपं सगळं दोन ओळींत उरकते आणि वेळ जुळवण्याच्या भागावर थांबते.

उदाहरण म्हणून आपल्या एनएसईवर मिळणारे, अमेरिकेतल्या नॅस्डॅक १०० निर्देशांकावर चालणारे ईटीएफ घेते. भारतात सगळ्यात जास्त गोंधळ याच ईटीएफमध्ये होतो. निफ्टीवरच्या मोठ्या ईटीएफमध्ये फरक सहसा काही पैशांचाच असतो. नॅस्डॅकवाल्यांमध्ये तो टक्क्यांचा असू शकतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो.

असं का होतं ते आधी सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे. एखादा ईटीएफ त्याच्या एनएव्हीपेक्षा महाग विकला जाऊ लागला की मार्केट मेकर, म्हणजे त्या ईटीएफच्या खरेदी-विक्रीच्या बोली सतत लावणारी संस्था, फंड घराण्याकडून एनएव्हीच्या दराने नवीन युनिट तयार करून घेतो आणि बाजारात विकतो. पुरवठा वाढतो, भाव खाली येतो. परदेशी शेअर घेणाऱ्या ईटीएफना मात्र मर्यादा आहे. सगळ्या भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात ७०० कोटी डॉलरपर्यंतच गुंतवायचे, आणि परदेशी ईटीएफसाठी त्याखेरीज वेगळी १०० कोटी डॉलरची मर्यादा. पहिली मर्यादा भरत आल्यावर थेट परदेशी शेअर घेणाऱ्या योजनांना २०२२ च्या सुरुवातीला, आणि दुसरी भरत आल्यावर परदेशी ईटीएफमध्ये पैसे गुंतवणाऱ्या योजनांना १ एप्रिल २०२४ पासून, नवीन रक्कम घेणं थांबवायला सांगितलं गेलं. घ्यायला माणसं तितकीच आणि युनिट वाढत नाहीत, म्हणून प्रीमियम टिकून राहतो. हा नळ बंद आहे तोवर कुठल्याही मार्केट मेकरकडून भाव खाली आणण्याची अपेक्षा धरू नका.

आता शीट. भारतीय बाजाराच्या एका दिवसाला एक ओळ, आणि नवीन दिवस खाली जोडायचा. ईटीएफचा क्लोजिंग भाव एनएसईच्या भावपत्रकातून घ्यायचा, एनएव्ही म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी हिच्या फाइलमधून. ही फाइल https://www.amfiindia.com/spages/NAVAll.txt इथे मिळते. योजना नावावरून शोधू नका, आयएसआयएन या प्रत्येक योजनेच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून शोधा. एकाच फंड घराण्याचा नॅस्डॅक ईटीएफ आणि त्याच नावाचा फंड ऑफ फंड्स, म्हणजे दुसऱ्या फंडात पैसे लावणारा फंड, असे दोन्ही फाइलमध्ये असतात, आणि चुकून दुसऱ्याची एनएव्ही उचलली जाते.

क्लोजिंग भावाबद्दल एक गोष्ट. एनएसईचा अधिकृत क्लोजिंग भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. ॲपवर दिसतो तो शेवटच्या व्यवहाराचा भाव. व्यवहार भरपूर असेल तर दोन्ही जवळपास सारखेच. व्यवहार कमी असेल तर शेवटचा व्यवहार पाऊण तासापूर्वीचा असू शकतो, आणि तेवढ्या वेळात निर्देशांक कुठल्या कुठे गेलेला असतो. अशा ईटीएफचं मूल्यमापन करताना मी दोन्ही भाव सोडून देते. खरेदीची सगळ्यात वरची बोली आणि विक्रीची सगळ्यात खालची बोली यांच्या मधला आकडा घेते. दोन बोलींमध्येच ४-५ टक्क्यांचं अंतर असेल तर त्या दिवसाचा प्रीमियम मोजण्यात अर्थ नाही. ती ओळ रिकामी सोडा.

इथवर कोणीही करतं. आता वेळ जुळवायची.

भारतीय बाजार दुपारी ३.३० ला बंद होतो. अमेरिकी बाजार आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात रात्री ८ ला उघडतो, आणि मध्यरात्रीनंतर अनुक्रमे १.३० ला व २.३० ला बंद होतो. नॅस्डॅकवाल्या ईटीएफची ९ तारखेची एनएव्ही काढायची तर ९ तारखेचा अमेरिकी बाजार आधी बंद व्हायला हवा. म्हणूनच अशा योजनांना एनएव्ही दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत जाहीर करायची मुभा आहे. परिणाम असा की ९ तारखेचा बाजारभाव दुपारी साडेतीनला ठरतो आणि ९ तारखेची एनएव्ही त्यानंतर दहा-अकरा तासांनी घडलेल्या भावांवर बसते. दोन्हींवर तारीख एकच असते. ओळीत शेजारी शेजारी बसवले की काही खटकतही नाही. पण एनएव्हीमध्ये अख्खी एक रात्र आहे जी बाजारभावाने पाहिलेलीच नाही.

ही चूक मी केली, आणि तिची किंमत माझ्या मामांनी मोजली. २०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. ९ एप्रिलला, बुधवारी, आपला बाजार बंद झाला तेव्हा अमेरिकेत आयात करांच्या भीतीने आधीचे काही दिवस घसरणीचे गेले होते. त्या रात्री आपल्या घड्याळात पावणेअकराच्या सुमारास अमेरिकी अध्यक्षांनी बहुतेक देशांवरचे वाढीव कर ९० दिवस थांबवल्याचं जाहीर केलं, आणि नॅस्डॅक १०० एका दिवसात सुमारे १२ टक्के वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, महावीर जयंतीमुळे आपला बाजार बंद होता. मी घरी बसून शीट भरलं. ९ तारखेचा भाव आणि ९ तारखेची एनएव्ही. शीटने लाल रंगात मोठा डिस्काउंट दाखवला. दोन वर्षांत त्या ईटीएफमध्ये असं काही दिसलं नव्हतं. मी मामांना फोन केला. त्यांनी विचारलं, "अगं, नक्की ना? नेहमी तर तू महाग आहे म्हणतेस." मी म्हटलं, आकडा समोर आहे. शुक्रवारी, ११ तारखेला, बाजार उघडताच त्यांनी घेतला. भाव उघडतानाच वर गेलेला होता, तरी त्यांना वाटलं स्वस्तच मिळतोय. प्रत्यक्षात त्यांनी चांगलाच प्रीमियम देऊन घेतला होता. तो डिस्काउंट कधी नव्हताच.

हेच गणित सोप्या आकड्यांनी मांडते. यातली एनएव्ही आणि ईटीएफचे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत, निर्देशांकाची हालचाल मात्र त्या दिवसांची खरी आहे. ८ एप्रिलची एनएव्ही १०० धरा. ९ तारखेला दुपारी ईटीएफचा भाव १०६. रात्री निर्देशांक १२.०२ टक्के वर, म्हणून ९ तारखेची एनएव्ही ११२.०२. मी केलं तसं केलं तर १०६ भागिले ११२.०२, म्हणजे ५.४ टक्के डिस्काउंट. पण ९ तारखेला दुपारी साडेतीनला जगाला माहीत असलेली शेवटची एनएव्ही ८ तारखेची होती. तिच्याशी ताडला तर प्रीमियम ६ टक्के. समजा त्या दुपारी नॅस्डॅकचे फ्यूचर्स, म्हणजे निर्देशांकावरचे पुढच्या तारखेचे सौदे, ८ तारखेच्या बंदपेक्षा १ टक्का खाली होते. मग दुपारचं खरं मूल्य ९९ धरायला हवं आणि प्रीमियम होतो ७.१ टक्के. एकच भाव, आणि चुकीची एनएव्ही शेजारी ठेवल्यामुळे ७.१ टक्के प्रीमियमचा झाला ५.४ टक्के डिस्काउंट.

म्हणून माझा ठाम नियम: अमेरिकी शेअरवरच्या ईटीएफच्या भावाशी कधीही त्याच तारखेची एनएव्ही ताडू नका. दुपारच्या साडेतीनआधी ज्या अमेरिकी सत्राचे भाव ठरलेले होते, त्या सत्रावर बसलेली सगळ्यात ताजी एनएव्ही घ्या आणि ती साडेतीनपर्यंत पुढे आणा. पुढे आणायला दोन गोष्टी लागतात, नॅस्डॅकच्या फ्यूचर्सची हालचाल आणि रुपया-डॉलरचा दर.

पण तुमची योजना नेमक्या कोणत्या बंदवर एनएव्ही काढते हे माझ्या शब्दावर घेऊ नका, स्वतः तपासा. त्याला ९ एप्रिल २०२५ हाच दिवस सगळ्यात सोयीचा. ॲम्फीच्या संकेतस्थळावरून योजनेची जुनी एनएव्ही काढा आणि ८ व ९ एप्रिलचे आकडे पाहा. ९ तारखेच्या आकड्यात १२ टक्क्यांच्या आसपास उडी दिसली तर योजना त्याच तारखेचा अमेरिकी बंद धरते. उडी तिथे नसेल आणि पुढच्या एनएव्हीत आली असेल, तर योजनेचं घड्याळ एक दिवस मागे आहे आणि शीटमध्येही तसंच बसवावं लागेल. माहितीपत्रक वाचूनही हे कळतं, पण मला आकड्यांवर जास्त विश्वास आहे.

बाजार वेगळा असेल तर घड्याळही वेगळं. हाँगकाँगचा बाजार आपल्या वेळेनुसार दुपारी दीडला बंद होतो. म्हणजे हँगसेंगवरच्या ईटीएफच्या एनएव्हीमागचे शेअरभाव आपल्या साडेतीनच्या दोन तास आधीच ठरलेले असतात. तिथे त्याच तारखेची एनएव्ही चालते. अमेरिकेसाठीचा नियम तिथे लावलात तर पुन्हा तीच चूक उलट्या बाजूने होईल.

आता सूत्र. माझ्या शीटमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये ईटीएफचा क्लोजिंग भाव, C मध्ये साडेतीनला माहीत असलेली शेवटची एनएव्ही, D मध्ये त्या एनएव्हीच्या अमेरिकी बंदच्या क्षणी नॅस्डॅक फ्यूचर्स किती होते, E मध्ये दुपारी साडेतीनला किती आहेत, F मध्ये एनएव्ही काढताना वापरलेला डॉलरचा दर, G मध्ये साडेतीनचा दर. H मध्ये प्रीमियम:

```
=(B62/(C62*(E62/D62)*(G62/F62))-1)*100
```

शिकागोच्या बाजारातले नॅस्डॅक फ्यूचर्स दिवसाचा एखादा तास सोडला तर जवळपास चोवीस तास चालतात, म्हणून आपल्या दुपारचाही भाव मिळतो. कोणत्याही चार्टवर NQ शोधा आणि तासाची मेणबत्ती पाहा. योजना डॉलरचा कोणता संदर्भ दर वापरते ते तिच्या कागदपत्रांत असतं. पण रुपया एका दिवसात सहसा फार हलत नाही, म्हणून F आणि G साठी रोज ठरलेल्या एकाच वेळचे, एकाच ठिकाणचे दर घेतले तरी चालतं. F साठी एक ठिकाण आणि G साठी दुसरं असं मात्र करू नका.

D आणि E मध्ये एक फसवी जागा आहे. हे फ्यूचर्स मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांचे असतात. करार संपत आला की चार्ट आपोआप पुढच्या महिन्याचा भाव दाखवू लागतो, आणि दोन महिन्यांच्या भावात टक्का-दीड टक्क्याचं अंतर असू शकतं. D जुन्या कराराचा आणि E नव्या कराराचा पडला तर प्रीमियम एका रात्रीत टक्काभर घसरलेला दिसतो. वर्षातून चार वेळा, तिसऱ्या शुक्रवारच्या आठवड्यात, दोन्ही आकडे एकाच कराराचे आहेत ना ते हाताने तपासा.

सुट्ट्यांकडे स्वतंत्रपणे पाहायला हवं. वरच्या उदाहरणात ११ एप्रिलला दुपारी ॲम्फीच्या यादीत शेवटची एनएव्ही ९ तारखेची असेल, कारण १० ला आपली सुट्टी. अमेरिकेत मात्र १० ला बाजार चालू होता आणि नॅस्डॅक १०० सुमारे ४.१९ टक्के खाली आला. ईटीएफ ११ ला ११४ वर असेल तर ११२.०२ शी ताडून १.८ टक्के प्रीमियम दिसतो. कोणालाही वाटेल, बरा आहे, घेऊन टाकू. पण १० ची घसरण धरली तर मूल्य १०७.३३ उरतं आणि प्रीमियम निघतो ६.२ टक्के. D मध्ये तुम्ही ९ तारखेच्या बंदचा फ्यूचर्स भाव प्रामाणिकपणे ठेवलात तर सूत्र ही सुट्टी आपोआप सांभाळतं. सवयीने 'काल रात्रीचा' भाव भरलात तर १० ची घसरण गळून जाते. म्हणून D भरताना 'काल' हा शब्द डोक्यातून काढून टाका. C मधल्या एनएव्हीवर कोणती तारीख आहे ते वाचा आणि त्याच तारखेचा D भरा. मी H च्या पुढे एनएव्हीच्या तारखेचा आणखी एक छोटा कॉलम ठेवते, सूत्रात तो नाही, फक्त डोळ्यांना दिसावा म्हणून.

"एवढं कशाला, एनएसईवर आयएनएव्ही दिसतेच की," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. भारतीय शेअरवरच्या ईटीएफसाठी ते बरोबर आहे. तिथे दिवसभर काही सेकंदांच्या अंतराने बदलणारी एनएव्ही मिळते आणि तीच वापरावी. पण नॅस्डॅकवाल्या ईटीएफमध्ये त्या आयएनएव्हीमागे काय आहे ते आधी बघा. दुपारी अमेरिकेचे शेअर बंदच असतात. बाजार चालू असताना एक तास आयएनएव्ही आणि NQ दोन्ही शेजारी उघडे ठेवा. फ्यूचर्स अर्धा टक्का हलले आणि आयएनएव्ही फक्त रुपयाबरोबर काही पैसेच सरकली, तर ती काल रात्रीच्या बंदवर थांबलेली आहे. शांत दिवशी चालून जाईल. ज्या दिवशी फ्यूचर्स ३ टक्के खाली असतात त्याच दिवशी ती चुकते, आणि नेमका त्याच दिवशी तुम्हाला बरोबर आकडा हवा असतो. ईटीएफच्या यादीत भावाशेजारी एनएव्हीचा कॉलम असतो त्यालाही हेच लागू. तारीख पाहिल्याशिवाय त्या आकड्याला हात लावू नका.

शीट बरोबर बसलं आहे की नाही हे कळायची एक पक्की खूण आहे. तीस-चाळीस दिवसांचे आकडे भरा आणि रोजच्या प्रीमियमशेजारी त्या तारखेच्या रात्री नॅस्डॅक किती हलला ते लिहा. रात्री बाजार वर गेला की तुमचा त्या दिवसाचा प्रीमियम खाली आणि बाजार पडला की प्रीमियम वर, असं करवतीसारखं चित्र दिसत असेल, तर तुम्ही अजून त्याच तारखेची एनएव्ही वापरताय. दुपारी साडेतीनला ठरलेल्या प्रीमियमला रात्री काय होणार हे माहीत असूच शकत नाही. बरोबर शीटमध्ये प्रीमियम हळूहळू सरकतो, दोन-तीन दिवस एका बाजूला झुकतो, पण रात्रीच्या हालचालीशी त्याचं नातं दिसत नाही. ही खूण मला त्या एप्रिलनंतर सापडली. आता नवीन कोणताही ईटीएफ शीटमध्ये घेतला की आधी हीच तपासणी करते, मगच आकड्यांकडे बघते.

आता प्रश्न येतो तो असामान्य कशाला म्हणायचं. "२ टक्क्यांच्या वर गेला की धोका" असे ठोकळ आकडे सर्रास सांगितले जातात आणि ते दोन्ही बाजूंनी निकामी आहेत. निफ्टीच्या ईटीएफमध्ये १ टक्का फरक पडला तरी काहीतरी बिनसलंय हे नक्की. नॅस्डॅकच्या ईटीएफमध्ये युनिट तयार होणं थांबलं असताना ५ टक्के हाच रोजचा प्रीमियम असू शकतो, मग २ टक्क्यांची खूण रोजच पेटेल आणि आठवड्याभरात तुम्ही तिच्याकडे बघणं सोडाल. म्हणून प्रत्येक ईटीएफ त्याच्या स्वतःच्या मागच्या ६० दिवसांशी ताडायचा.

सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या. एखाद्या दिवशी चुकीची एनएव्ही भरली गेली तर सरासरी सगळी सरकते, मध्यक जागचा हलत नाही. पसारा मोजायलाही तेच: प्रत्येक दिवसाचा मध्यकापासूनचा फरक काढायचा आणि त्या फरकांचा मध्यक घ्यायचा.

```
=MEDIAN(H2:H61)
=ARRAYFORMULA(MEDIAN(ABS(FILTER(H2:H61,ISNUMBER(H2:H61))-MEDIAN(H2:H61))))
```

समजा मध्यक ५ आणि पसारा ०.६ आला. आजचा प्रीमियम मध्यकापासून पसाऱ्याच्या चौपटीहून जास्त दूर, म्हणजे ७.४ च्या वर किंवा २.६ च्या खाली असेल तर मी खूण करते. चौपट हा आकडा अनुभवाने ठरवला आहे. तिप्पट ठेवली तर फार वेळा पेटते. निफ्टीसारख्या शांत ईटीएफमध्ये पसारा जवळजवळ शून्य येतो आणि पाच पैशांच्या फरकालाही खूण उमटते, म्हणून तिथे पाव टक्क्याच्या आतला कोणताही फरक मी सोडूनच देते.

ही खूण फक्त एवढंच सांगते की आजचा प्रीमियम त्या ईटीएफच्या नेहमीच्या चालीपेक्षा वेगळा आहे. ५ टक्के प्रीमियम नेहमीचा आहे म्हणून तो रास्त आहे असं मुळीच नाही. शंभराची वस्तू तुम्ही १०५ ला घेताय, रोज घेतलीत तरी. म्हणून शीटमध्ये मी दोन वेगळे कॉलम ठेवते. एकात आजचा प्रीमियम सरळ टक्क्यांत, दुसऱ्यात नेहमीपेक्षा किती वेगळा. विकायचं की नाही हे ठरवताना दुसऱ्याकडे बघते. घ्यायचं की नाही हे ठरवताना पहिल्याकडेच.

खूण पेटली की लगेच काही करायचं नाही. आधी ती खोटी नाही ना ते बघायचं, आणि माझ्या अनुभवात खोट्या खुणाच जास्त असतात. युनिटचं विभाजन झालंय का? निफ्टीबीज या जुन्या ईटीएफच्या दर्शनी मूल्याचं डिसेंबर २०१९ मध्ये १० रुपयांवरून १ रुपया असं विभाजन झालं. अशा दिवशी भाव नव्या हिशेबाचा आणि एनएव्ही जुन्या हिशेबाची पडली तर शीट ९० टक्के डिस्काउंट दाखवतं. एवढा मोठा आकडा तरी लगेच ओळखू येतो. न ओळखू येणाऱ्या खोट्या खुणा त्या सुट्टीच्या, करार बदलाच्या आणि दुपारी तीनला झालेल्या एकाच चिमुकल्या व्यवहाराच्या. तिन्ही वर सांगितल्या आहेत. त्या एकेक करून बाद करा. त्यानंतरही खूण दुसऱ्या दिवशी तशीच राहिली, तर ती खरी.

खरी ठरली की प्रश्न एकच: हा फरक मिटवायला कोणाला वाट मोकळी आहे का? युनिट तयार करणं सुरू असेल तर प्रीमियम काही तासांत किंवा दिवसांत मिटतो, आणि घाईने घेणाऱ्याचंच नुकसान होतं. युनिट तयार करणं बंद असेल तर प्रीमियम किती दिवस टिकेल हे बाजार ठरवत नाही, परवानगी ठरवते. परदेशी मर्यादा वाढली किंवा फंड घराण्याला थोडी जागा मिळून पुन्हा युनिट सुरू झाली, तर प्रीमियम एका सत्रातही कोसळू शकतो. ७ टक्के प्रीमियमने १०७ ला घेतलेला ईटीएफ, नॅस्डॅक जागचा हलला नाही तरी, प्रीमियम १ टक्क्यावर आला की १०१ होतो. साडेपाच टक्क्यांहून जास्त पैसा गेला, आणि निर्देशांकाचा चार्ट उघडला तर काहीच घडलेलं दिसत नाही. डिस्काउंटचं उलट आहे. युनिट परत करण्याची वाट सहसा मोकळी असते, म्हणून परदेशी ईटीएफमध्ये खरा मोठा डिस्काउंट फार टिकत नाही. तुमच्या शीटमध्ये तो आठवडाभर टिकून दिसत असेल तर ईटीएफपेक्षा शीटवर आधी संशय घ्या.

चांदीबद्दल दोन शब्द, कारण २०२५ च्या ऑक्टोबरात, धनत्रयोदशीच्या तोंडावर, खूप जणांनी मला तेव्हाचे आकडे पाठवले. चांदीच्या ईटीएफचे भाव एनएव्हीच्या बरेच वर गेले होते, आणि प्रत्यक्ष चांदीची टंचाई असल्याने काही फंड घराण्यांनी त्यांच्या चांदीच्या फंड ऑफ फंड्समध्ये एकरकमी पैसे घेणं तात्पुरतं थांबवलं. तिथे प्रीमियमचं कारण परवानगी नव्हती, धातूच मिळत नव्हता. पण तेव्हा एनएव्ही लंडनच्या भावावर निघत होती आणि भारतातला चांदीचा भाव त्याहून वर होता, त्यामुळे त्या प्रीमियमचा काही भाग एनएव्हीच्याच बाजूने आला होता. चांदीसाठी वरचं सूत्र जसंच्या तसं वापरू नका. तिथे ईटीएफचा भाव देशातल्या चांदीच्या भावाशीही ताडावा लागतो.

शेवटी खरेदी. सगळं तपासून घ्यायचंच ठरलं तर बाजारभावाने ऑर्डर कधीही टाकू नका. सूत्रातून आलेलं मूल्य घ्या, त्यावर तुम्हाला जास्तीत जास्त किती प्रीमियम मान्य आहे ते आदल्या रात्रीच ठरवा, आणि तेवढ्याचीच मर्यादा ऑर्डर टाका. मूल्य १०७.३३ असेल आणि २ टक्के मान्य असतील तर १०९.४७. पहिला आणि शेवटचा पाव तास टाळा, त्या वेळी बोलींमधलं अंतर जास्त रुंद असू शकतं. मामा आता असंच करतात. कधी कधी त्यांची ऑर्डर महिनाभर लागत नाही. मग ते फोन करून विचारतात, "आज किती गं?" मी एनएव्हीची तारीख आधी सांगते, टक्के नंतर.